उत्तर ध्रुव तापतो मग दक्षिण ध्रुव का नाही? त्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

फिरत असलेला मेसेज असा आहे:

"जरा डोकं वापरा!! 1) सूर्य एकच, कार्बन डायऑक्साईड पण सगळीकडे सारखाच, मग उत्तर ध्रुव तापतो आणि दक्षिण ध्रुव का तापत नाही? 2) 2014 ला अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या बर्फाने सगळे रेकॉर्ड मोडले, हे कोणी सांगणार नाही. 3) शास्त्रज्ञांना हे आधी माहीतच नव्हतं, आता सारवासारव चालू आहे. 4) ग्लासातला बर्फ वितळला की पाणी वाढतं का? मग मुंबई कशी बुडणार? सगळ्यांना पाठवा."

पहिल्या मुद्द्यालाच जास्त वेळ देतो, कारण बाकीचे तिन्ही त्याच्यावर उभे आहेत.

सूर्य एकच आहे हे बरोबर, पण दोन्ही ध्रुवांना तो सारखा मिळत नाही. पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल आहे, जानेवारीच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून साधारण 14.7 कोटी किलोमीटरवर असतो आणि जुलैच्या सुरुवातीला साधारण 15.2 कोटीवर, आणि जानेवारी म्हणजे दक्षिण ध्रुवाचा उन्हाळा. म्हणजे दक्षिणेच्या भर उन्हाळ्यात येणारं ऊन उत्तरेच्या भर उन्हाळ्यातल्या उनापेक्षा जवळपास 7 टक्के कडक असतं. आता तापमान बघा. उत्तर ध्रुवावर जुलैत शून्याच्या आसपास असतं आणि दक्षिण ध्रुवावर त्यांच्या भर उन्हाळ्यात सुद्धा उणे 25 ते उणे 28. हिवाळ्यात उत्तरेला साधारण उणे 30, दक्षिणेला उणे 60. जिकडे ऊन जास्त तिकडेच थंडी दुप्पट, आणि हा फरक माणसाने कोळसा जाळायला सुरुवात करायच्या कितीतरी आधीपासूनचा आहे. त्यामुळे "सूर्य एकच मग फरक का" हा प्रश्न विचारायचाच असेल तर तो ग्लोबल वॉर्मिंगच्याही आधी भूगोलाला विचारायला लागतो.

आणि भूगोलाचं उत्तर अगदी सरळ आहे. उत्तर ध्रुवावर जमीनच नाही. तिथे समुद्र आहे, चार किलोमीटरहून जास्त खोल, आणि त्याच्यावर काही मीटर जाडीचा तरंगता बर्फ, आणि त्या समुद्राला सगळीकडून रशिया, नॉर्वे, ग्रीनलंड, कॅनडा, अलास्का यांनी वेढलंय. 1958 साली अमेरिकेची नॉटिलस पाणबुडी उत्तर ध्रुवाच्या चक्क खालून निघून गेली. दक्षिणेला बरोब्बर उलटं आहे, ध्रुवावर खंड आहे, त्याच्यावर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा बर्फ बसलाय, आणि त्या खंडाच्या भोवती पूर्ण गोल समुद्र. दक्षिण ध्रुवावरचं संशोधन केंद्र समुद्रसपाटीपासून 2,835 मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या पावणेदोन पट. दर किलोमीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी हवा थंड होते असा हिशोब धरला तर नुसत्या उंचीमुळेच 18 अंशांचा फरक पडला.

उरलेला फरक खालच्या पाण्याचा. मुंबईकराला हे वेगळं शिकवायला नको, मे महिन्यात नागपूर 43-44 ला पोचतं आणि आपण 33-34 ला घामाघूम होऊन बसलेलो असतो, आणि जानेवारीच्या रात्री नागपूरला शेकोट्या पेटतात तेव्हा आपल्याकडे पंखा चालू असतो. समुद्र जवळ असला की दोन्ही टोकं बोथट होतात. आर्क्टिकमध्ये नेमकं हेच होतं, फक्त समुद्र शेजारी असायच्या ऐवजी पायाखाली आहे. बर्फाखालचं खारं पाणी उणे 1.8 च्या आसपास असतं, त्याहून थंड ते होऊच शकत नाही कारण मग ते गोठतं, आणि वर हवा उणे 30 असेल तर त्या दोन-तीन मीटरच्या बर्फातून आणि मधल्या भेगांमधून सगळा हिवाळाभर खालची ऊब वर झिरपत राहते. दक्षिण ध्रुवावर खाली पावणेतीन किलोमीटर बर्फ आणि त्याच्याखाली खडक, तिथून काय ऊब येणार? म्हणून पृथ्वीवर जमिनीवर मोजलेलं सगळ्यात कमी तापमान अंटार्क्टिकातलं आहे, व्होस्टोक केंद्र, 21 जुलै 1983, उणे 89.2 अंश.

आता एक जोडी घेऊन बघू म्हणजे हे नीट लक्षात येईल. रशियातलं मुरमान्स्क शहर साधारण 69 अंश उत्तरेवर आहे, आणि अंटार्क्टिकातलं आपलं भारती संशोधन केंद्र साधारण 69 अंश दक्षिणेवर. विषुववृत्तापासून दोघांचं अंतर जवळपास सारखंच. (भारतीचा रेखांश 76 पूर्व आहे आणि मुंबईचा जवळपास 73, म्हणजे गेटवेवरून नाकासमोर दक्षिणेला जात राहिलात तर अंटार्क्टिकाला जिथे लागाल तिथून भारती फार लांब नाही.) मुरमान्स्कमध्ये लाखो लोक राहतात, शाळा आहेत, ट्रॉलीबस आहेत, जुलैचं सरासरी तापमान 13 च्या आसपास असतं, आणि मुख्य म्हणजे त्याचं बंदर हिवाळाभर जहाजांसाठी उघडं असतं. भारतीवर मोजकी माणसं हिवाळा काढतात, आजूबाजूला झाड नाही, उन्हाळ्यात कसंबसं शून्याच्या वर जातं, आणि सामान आणणारं जहाज वर्षातल्या उन्हाळी काळातच येऊ शकतं कारण एरवी समोरचा समुद्र गोठलेला असतो.

अंतर सारखं, मग असं का? कारण मुरमान्स्कपर्यंत अटलांटिकचं कोमट पाणी पोचतं आणि भारतीपर्यंत तसलं काहीच पोचत नाही. अटलांटिकमधून वर जाणारा प्रवाह नॉर्वेच्या किनाऱ्याने सरकत बॅरेंट्स समुद्रात शिरतो, एक फाटा नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांच्या पश्चिमेकडून आणखी वर जातो. तिथे 79 अंश उत्तरेला, म्हणजे भारतीपेक्षा ध्रुवाच्या दहा अंश जवळ, आपलं हिमाद्री केंद्र आहे, आणि तरीही त्याच्या समोरचा फिओर्ड, म्हणजे डोंगरांमध्ये आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी, गेल्या वीसेक वर्षांत बऱ्याचशा हिवाळ्यांमध्ये मोकळाच राहिलाय. उत्तरेला जमिनी उभ्या-आडव्या पसरलेल्या आहेत त्यामुळे पाणी त्यांच्या कडेकडेने ध्रुवाकडे वळतं, उष्णतेला आत शिरायला दारं मिळतात.

दक्षिणेला 56 ते 60 अंशांच्या मध्ये पूर्ण पृथ्वीला गोल फेरी मारली तरी आडवी जमीन लागत नाही. दक्षिण अमेरिकेचं टोक आणि अंटार्क्टिक द्वीपकल्प यांच्यात ड्रेक पॅसेज आहे, साधारण 800 किलोमीटर रुंद, तिथून आणि बाकी सगळीकडून पश्चिमेचे वारे पाण्याला गोल गोल पळवतात. हा जगातला सगळ्यात मोठा सागरी प्रवाह, सेकंदाला तेरा ते सतरा कोटी घनमीटर पाणी वाहून नेतो, जगातल्या सगळ्या नद्या एकत्र केल्या तरी त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास येतील. आणि हा प्रवाह अंटार्क्टिकाभोवती फिरतो, अंटार्क्टिकाकडे जात नाही, हे फार महत्त्वाचं. उत्तरेचं कोमट पृष्ठजल त्याला ओलांडून सहजासहजी दक्षिणेला जाऊ शकत नाही. म्हणजे एका ध्रुवाला दारं आहेत आणि दुसऱ्या ध्रुवाला फिरती भिंत आहे. ही भिंत अंदाजे 3.4 कोटी वर्षांपूर्वीच्या काळात उभी राहायला लागली, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका बाजूला सरकल्यावर, आणि अंटार्क्टिकावर मोठी हिमचादर बसली तीही त्याच सुमाराला. (नुसती भिंतच कारण होती असं नाही, त्या काळात हवेतला कार्बन डायऑक्साईडही उतरला होता, आणि दोन्हींचा वाटा किती यावर अजून चर्चा चालू आहे.)

एवढं समजलं की मग कार्बन डायऑक्साईडचा प्रश्न सोपा होतो. हवा सगळीकडे सारखीच, वायूही सारखाच, पण त्याच्यामुळे अडकलेली उष्णता खाली कशाला भेटते त्याच्यावर पुढचं सगळं ठरतं. आर्क्टिकमध्ये ती भेटते पातळ बर्फाला. बर्फावर ताजं हिम असेल तर तो पडलेल्या उनापैकी 80 टक्क्यांच्या वर परत फेकतो, आणि तो वितळून काळं पाणी उघडं पडलं की तेच पाणी 90 टक्क्यांच्या वर ऊन पिऊन टाकतं. पाणी तापलं की शरद ऋतूत गोठायला उशीर, उशिरा गोठलं की बर्फ पातळ, पातळ बर्फ पुढच्या उन्हाळ्यात लवकर संपतो. हे चक्र गेली चाळीस वर्षं चालू आहे आणि 1979 पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगाने तापलंय.

दक्षिणेला तीच उष्णता भेटते त्या गोल फिरणाऱ्या समुद्राला. तिथे वारे वरचं पाणी सतत उत्तरेकडे ढकलतात, आणि ढकललेल्या पाण्याची जागा भरायला दोन-तीन किलोमीटर खोलीवरचं पाणी वर येतं. हे खालचं पाणी शेवटचं हवेला लागलं होतं ते शेकडो वर्षांपूर्वी, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या धुराची त्याला खबरच नाही. ते वर येतं, थोडी उष्णता घेतं, आणि नीट तापायच्या आत वारा त्याला उत्तरेला घेऊन जातो, तिथे 45 अंशांच्या आसपास ते पुन्हा खाली बुडतं आणि उष्णता सोबत घेऊन जातं. म्हणजे दक्षिण महासागर उष्णता घेत नाही असं नाही, तो तर प्रचंड घेतो, फक्त ती ध्रुवाजवळ पृष्ठभागावर साठत नाही. थर्मामीटर वर ठेवला तर फारसं दिसत नाही म्हणून "तापतच नाही" असं म्हणणं चूक आहे. शिवाय सगळं अंटार्क्टिका शांत पडलंय हेही खोटं, दक्षिण अमेरिकेकडे बोट दाखवणारं जे अंटार्क्टिक द्वीपकल्प आहे ना, तिथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यात जवळपास 3 अंशांची वाढ झाली.

दुसरा मुद्दा, 2014.

आकडा खरा आहे. सप्टेंबर 2014 मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ 2 कोटी 1 लाख चौरस किलोमीटरपर्यंत पसरला होता, उपग्रहांनी सलग मोजायला लागल्यापासूनचा सगळ्यात जास्त. आणि "कोणी सांगणार नाही" म्हणताय तर त्याच वर्षी नासाने आणि अमेरिकेच्या नॅशनल स्नो अँड आईस डेटा सेंटरने स्वतः जाहीर केलेलं आहे, फॉरवर्ड करणाऱ्यांना तो आकडा मिळालाच मुळी तिथून. पण हा आकडा नक्की कशाचा आहे ते बघायला पाहिजे.

उपग्रह बर्फाने स्वतःहून सोडलेल्या सूक्ष्मलहरी टिपतो, त्यामुळे ढग असोत की ध्रुवावरची सहा महिन्यांची रात्र, मोजणी चालू राहते. समुद्राचे साधारण 25 किलोमीटरचे चौकोन पाडतात, आणि ज्या चौकोनात किमान 15 टक्के बर्फ आहे तो पूर्ण चौकोन विस्तारात धरतात. म्हणजे हा विस्तार आहे, जाडी नाही आणि एकूण बर्फ किती तेही नाही. वाऱ्याने बर्फाचे तुकडे विस्कटून लांबवर पसरवले तर बर्फ तेवढाच असून विस्तार वाढू शकतो.

आणि इथे परत तो भूगोल येतो. आर्क्टिकचा बर्फ चहूबाजूंनी जमिनीने कोंडलेला आहे, त्याला पसरायला मर्यादा आहे, म्हणून तो एकमेकांवर रेटला जातो, जाड होतो, आणि पूर्वी त्यातला बराच भाग अनेक उन्हाळे टिकून राहायचा. अंटार्क्टिकाचा समुद्री बर्फ बाहेरच्या बाजूने मोकळा आहे, वारा त्याला उत्तरेकडे ढकलतो आणि अडवायला कोणी नाही, तो साधारण मीटरभर जाडीचा असतो आणि दर उन्हाळ्यात त्यातला 80 टक्क्यांहून जास्त वितळून जातो. सप्टेंबरात साधारण 1 कोटी 87 लाख, फेब्रुवारीत जेमतेम 28 लाख, हे त्याचं दरवर्षीचं श्वास घेणं-सोडणं आहे, दरसाल नवा बर्फ. त्यामुळे एखाद्या वर्षी त्याची कड किती लांब गेली हे त्या वर्षीच्या वाऱ्यांवर खूप अवलंबून असतं. 2014 च्या आधीच्या वर्षांत ते वारे जोरदार होते, त्यात ओझोनच्या छिद्राचा हात आहे असं दाखवणारा अभ्यास आहे, वितळलेल्या गोड्या पाण्याने वरचा थर हलका होऊन लवकर गोठत असावा असंही एक मत आहे, आणि नैसर्गिक चढउतार तर आहेतच. कोणाचा वाटा किती यावर अजून एकमत नाही, ते मान्य करायलाच हवं.

पण मेसेज 2014 वर येऊन थांबतो आणि इथेच खरी फसवणूक आहे. 2016 च्या अखेरीला हा बर्फ एकदम कोसळला. फेब्रुवारी 2023 मध्ये उन्हाळ्यातला नीचांक झाला, 17 लाख 90 हजार चौरस किलोमीटर, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात, जेव्हा तो सगळ्यात जास्त असायला हवा तेव्हा, तो 1 कोटी 70 लाखांच्याही किंचित खालीच थांबला. 2014 चा आणि 2023 चा हिवाळा यांच्यातला फरक काढा, 31 लाख चौरस किलोमीटर, जवळपास भारताएवढं क्षेत्रफळ. 2014 चा आकडा पुरावा म्हणून चालत असेल तर 2023 चा का नाही चालत?

त्याच मापाने आर्क्टिकही बघून घ्या. तिथला सप्टेंबरचा नीचांक 1981 ते 2010 च्या सरासरीत 62 लाख चौरस किलोमीटरच्या आसपास होता, 2012 साली तो 34 लाखांवर आला. म्हणजे दक्षिणेच्या रेकॉर्ड वर्षी सरासरीपेक्षा 14 लाख जास्त होते आणि उत्तरेच्या रेकॉर्ड वर्षी 28 लाख कमी, आणि उत्तरेची घट ही एका वर्षाची उडी नाहीये, दर दशकाला साधारण 12 टक्क्यांनी चाललेली उतरण आहे. पुढच्या वेळी असा आलेख आला की आधी तीन गोष्टी बघा: तो कुठल्या वर्षाला संपतो, कुठल्या महिन्याचा आहे, आणि त्यावर विस्तार आहे की वजन. बरेचसे फसवे आलेख पहिल्याच तपासणीत पकडले जातात.

तिसऱ्या मुद्द्याला फार वेळ लागणार नाही. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवा आणि समुद्र एकत्र जोडलेल्या संगणकी मॉडेलमध्ये कार्बन डायऑक्साईड हळूहळू वाढवून बघितला होता, त्याचे निकाल 1991 मध्ये छापून आले, आणि त्यात उत्तरेचे वरचे अक्षांश झपाट्याने तापतात आणि अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र फार हळू तापतो हे स्वच्छ दिसत होतं, कारणही तेच दिलेलं, खोल पाण्याची उलथापालथ. म्हणजे 2014 च्या तेवीस वर्षं आधी. मानाबेंना 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं ते हवामानाच्या अशाच कामासाठी. हां, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे की बहुतेक मॉडेल्सनी दक्षिणेचा समुद्री बर्फ किंचित कमी होईल असं दाखवलं होतं, 2014 पर्यंतची वाढ त्यांना नीट पकडता आली नाही, आणि 2016 नंतरची घसरणही एवढी तीव्र असेल असं कोणी म्हटलं नव्हतं. पण दोन ध्रुव वेगळे वागतील हे मात्र आधीच सांगितलेलं होतं, आणि मेसेजचा आरोप नेमका त्याच्यावर आहे.

आता ग्लास. यात अर्धं सत्य आहे आणि म्हणूनच तो लोकांना पटतो.

तरंगणारा बर्फ आपल्या वजनाएवढं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो, त्यामुळे तो वितळला तरी पातळी जवळपास तेवढीच राहते. आर्क्टिकच्या समुद्री बर्फाला हे लागू पडतं. उद्या उत्तर ध्रुवावरचा सगळा तरंगता बर्फ गेला तरी त्या पाण्याने समुद्र वाढणार नाही. पण अंटार्क्टिका खंडावरची हिमचादर समुद्री बर्फासारखी तरंगत नाहीये, तिचा बर्फ जमिनीला टेकलेला आहे, आणि तो समुद्रात आला तर ग्लासात बाहेरून बर्फ टाकल्यासारखंच आहे. दोन ध्रुवांचा फरक विसरून एकाचा नियम दुसऱ्याला लावला की असं होतं. त्या हिमचादरीत एकूण एवढा बर्फ आहे की सगळा वितळला तर जगाचा समुद्र सरासरी 58 मीटर वर येईल, आणि उत्तरेला ग्रीनलंडवर, जे समुद्र नसून जमीन आहे, आणखी सातेक मीटरचा साठा आहे. हे सगळं आपल्या आयुष्यात वितळणार असं कोणीही शहाणा माणूस म्हणत नाही, त्याला फार मोठा काळ लागतो. पण थोडा भाग सुद्धा पुरेसा आहे.

हिशोब घरी करता येतो. जगातल्या समुद्रांचं क्षेत्रफळ साधारण 36 कोटी चौरस किलोमीटर. त्यावर एक मिलिमीटरचा थर पसरायचा तर 360 घन किलोमीटर पाणी लागतं, म्हणजे 360 अब्ज टन. गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या ग्रेस उपग्रहांच्या जोडीने 2002 पासून हिमचादरींचं वजन पाहिलंय, आणि त्यात अंटार्क्टिका वर्षाला सरासरी 150 अब्ज टनांच्या आसपास गमावतंय, ग्रीनलंड 270 च्या आसपास. भागाकार करा, अंटार्क्टिकाचे साधारण 0.4 मिलिमीटर आणि ग्रीनलंडचे पाऊण मिलिमीटर दर वर्षी. पूर्व अंटार्क्टिकात कधीकधी भरपूर हिमवर्षाव होतो आणि एखाद-दोन वर्षं वजन वाढतंही, तेव्हा परत असे मेसेज येतात, पण वीस वर्षांची रेघ खालीच जाते.

मग प्रश्न येतो की एवढी थंडी असताना बर्फ कमी कसा होतो? उणे 30 मध्ये वरून तर काही वितळत नाही. आणि इथे पहिल्या मुद्द्यातलं तेच खोल पाणी परत येतं. दक्षिण महासागरातलं ते खोलवरचं पाणी शून्याच्या एखाद अंश वर असतं, आपल्याला गारठवणारं, पण बर्फाला गरमच. पश्चिम अंटार्क्टिकात अमंडसेन समुद्राच्या बाजूला ते किनाऱ्याजवळच्या उथळ भागावर चढतं, जुन्या हिमनद्यांनी कोरलेल्या खोल चरांमधून आत घुसतं आणि पाइन आयलंड, थ्वेट्स अशा हिमनद्यांना खालून खातं. या हिमनद्यांचं टोक पाण्यावर तरंगत असतं, त्याला आईस शेल्फ म्हणतात. ते तरंगतं म्हणून त्याच्या वितळण्याने थेट पातळी वाढत नाही, पण ते मागच्या जमिनीवरच्या बर्फाला अडवून धरतं. 2002 साली द्वीपकल्पावरचा लार्सन बी आईस शेल्फ काही आठवड्यांत फुटला, 3,000 चौरस किलोमीटरपेक्षा मोठा तुकडा, आणि त्याच्या मागच्या हिमनद्यांचा वेग त्यानंतर कित्येक पटींनी वाढला. थ्वेट्सच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, ती बसलेली जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे आणि आत जाईल तशी आणखी खोल होत जाते, म्हणजे बर्फाची टेकलेली कड मागे सरकली की पाण्याला भिडणारी बर्फाची उंची वाढते आणि वाहणं आणखी सोपं होतं. एकट्या थ्वेट्समध्ये जगाची पातळी 65 सेंटिमीटर वाढवेल इतका बर्फ आहे. म्हणजे ज्या उलथापालथीमुळे तिथला वरचा समुद्र थंड दिसतो, तीच खालून हिमचादर पोखरायला पाणी पुरवते, आणि मेसेज लिहिणाऱ्याने फक्त वरचा अर्धा भाग बघितला.

मुंबईचं म्हणाल तर "बुडणार" हा शब्दच चुकीचं चित्र उभं करतो, जणू एक दिवस समुद्र येईल आणि गिरगाव घेऊन जाईल. आपला प्रश्न भरतीचा आहे. पावसाळ्यात काही दिवस भरती साडेचार मीटरच्या वर जाते, त्या तारखा महापालिका आधीच जाहीर करते, आणि त्या वेळेला जोराचा पाऊस आला की हिंदमाता, किंग्ज सर्कल भरतं, कारण आपल्या नाल्यांची समुद्रात उघडणारी बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. पाणी बाहेर जायच्या ऐवजी समुद्र आत यायला बघतो, मग दरवाजे बंद करून पंप चालवायला लागतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला त्यात भरतीचीही भर होती हे तेव्हा पाण्यात उभं राहिलेल्या कोणालाही विचारा. समुद्राची सरासरी पातळी वीस-तीस सेंटिमीटरने वर गेली तर साडेचारच्या वर जाणारे दिवस वाढतात आणि दरवाजे बंद ठेवायचे तासही वाढतात, एवढा साधा संबंध आहे.

आणि अंटार्क्टिका इतकं लांब आहे म्हणून आपल्याला कमी त्रास, असंही नाही, उलटच आहे. एवढ्या मोठ्या हिमचादरीचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण असतं, तिने आजूबाजूचा समुद्र आपल्याकडे ओढून धरलेला असतो. तिचं वजन कमी झालं की ती ओढ सैल होते, जवळचं पाणी खाली बसतं आणि तेच पाणी लांबच्या किनाऱ्यांकडे सरकतं. त्यामुळे पश्चिम अंटार्क्टिकातून गेलेल्या बर्फाची वाढ तिथल्या किनाऱ्यावर सगळ्यात कमी आणि आपल्यासारख्या दूरच्या समुद्रांमध्ये जागतिक सरासरीपेक्षा थोडी जास्तच पडते. ग्रीनलंडचं पाणी वर आलं तर नॉर्वे-आइसलँडच्या बाजूला त्याचा परिणाम कमी, आणि दूरच्या दक्षिणेकडे जास्त. आपण दोन्ही हिमचादरींपासून लांब आहोत, त्यामुळे दोन्हीकडून आपल्या वाट्याला येणारं पाणी सरासरीच्या आसपास किंवा त्याहून जास्तच येतं.